‘उदास वाटला’ : सोप नोंदीत कुठे?

प्रश्न : समुपदेशनाच्या सत्रानंतर सोप नोंद लिहिताना ‘क्लायंट उदास वाटला’ हे वाक्य एसमध्ये लिहायचे की ओमध्ये? आमच्या मालवणच्या केंद्रात दोन्ही प्रकारे लिहिले जाते.

हे वाक्य आहे तसे कुठेच लिहू नये, कारण ‘वाटला’ या क्रियापदातून उदासी त्याने सांगितली, तुम्हाला दिसली की तुम्ही अनुमानाने ठरवली, हे कळत नाही. लॉरेन्स वीड यांनी 1960च्या दशकात मांडलेल्या समस्याकेंद्री नोंदपद्धतीत, जिच्यातून सोप आले, नेमकी हीच फारकत अभिप्रेत आहे : एसमध्ये व्यक्तीचे सांगणे, ओमध्ये दिसलेले आणि मोजलेले, एमध्ये तुमचा निष्कर्ष आणि पीमध्ये पुढची योजना.

एक कल्पित उदाहरण घेऊ. 1 ऑगस्टला मासेमारीबंदी उठून नौका समुद्रात गेल्या, तरी एक तरुण खलाशी घरीच बसून आहे. एसमध्ये त्याचेच शब्द अवतरणात द्यावेत : “झोप येना नाय, खयच मन लागना नाय.” मालवणी न जाणणाऱ्या सहकाऱ्यासाठी पुढे प्रमाण मराठीत अर्थ द्यावा, पण मूळ शब्द गाळू नयेत. स्वतःला इजा करण्याचे विचार येतात का, असे थेट विचारल्यावर त्याने ‘नाही’ म्हटले, हेही येथेच येते.

ओमध्ये विशेषण नको, वर्तन हवे : ‘बहुतांश वेळ नजर जमिनीकडे, उत्तरे एकदोन शब्दांत, वडिलांच्या कर्जाचा विषय निघताच डोळ्यांत पाणी.’ नैराश्याची लक्षणे मोजणाऱ्या पीएचक्यू-9 प्रश्नावलीची उत्तरे त्याचीच असली, तरी तिची गुणसंख्या प्रमाणित मापन म्हणून ओमध्ये लिहिण्याचा प्रघात आहे. समजा, ती 27पैकी 14 आहे आणि मागच्या वेळी 17 होती.

खरी कसोटी एमध्ये लागते. 17वरून 14 पाहून ‘सुधारणा’ लिहिण्याचा मोह होतो. परंतु या प्रश्नावलीत साधारण 5 गुणांचा फरक अर्थपूर्ण मानतात. म्हणून ‘गुण किंचित घटले, लक्षणे अजून मध्यम तीव्रतेची, झोप व काम दोन्ही बाधित, इजेचे विचार नाकारले, सत्रात धोक्याची अन्य खूण नाही’ एवढेच लिहावे. ही चाळणी-प्रश्नावली असल्याने केवळ गुणांवरून ‘नैराश्य’ असे निदान नोंदवू नये. एमधले प्रत्येक विधान एस किंवा ओमधल्या कोणत्या ओळीवर उभे आहे, हे बोट ठेवून दाखवता आले पाहिजे. जे दाखवता येत नाही, ते एकतर काढावे किंवा वरची राहून गेलेली ओळ भरावी.

पीमध्ये ‘पाठपुरावा करणे’ पुरेसे नाही. ‘आठवड्यातून तीन सकाळी जेटीवर जाऊन चुलत्याबरोबर जाळी दुरुस्त करणे, हे त्याने स्वतः ठरवले, झोपेची वेळ रोज वहीत लिहील, पुढील सत्र सात दिवसांनी, तेव्हा पीएचक्यू-9 पुन्हा, गुण वाढल्यास किंवा इजेचे विचार आल्यास त्याच दिवशी मनोविकारतज्ज्ञांकडे पाठवणे’ असे लिहिले, तर पुढच्या सत्रात तुमच्या जागी दुसरा समुपदेशक असला तरी काय विचारायचे हे त्याला कळेल.