ट्रकच्या पाट्याच्या सुरीचा तुकडा का उडतो?

*"ट्रकच्या जुन्या कमानपाट्याची सुरी करून घेतली. पाण्यात विझवली होती, कानस लागत नाही इतकी कडक. मटणाच्या हाडावर मारली आणि धारेचा तुकडाच उडाला. पोलाद खराब होतं, की पाणी चुकलं?"*

पोलाद बहुधा चांगलंच होतं. पाट्यात साधारण ०.५ ते ०.६ टक्के कार्बन असतो, सोबत क्रोमियम किंवा सिलिकॉन. हाड तोडायच्या सुरीला हे अगदी योग्य. मात्र ते तेलात विझवायचं पोलाद आहे. पाण्यात इतकं झपाट्याने थंड होतं की बारीक तडे जातात.

आधी तुटलेली कड उन्हात धरून नीट बघा. साखरेसारखे चमकणारे दाणे दिसले तर पातं भट्टीत जास्त तापलं होतं. दाणा वाढला की टणकपणा तोच राहतो, पण चिवटपणा जातो. कड मऊ राखाडी दिसली, तर दाणा ठीक आहे आणि विझवल्यानंतरचा ताव, म्हणजे मंद आचेवर पुन्हा तापवणं, दिलेला नाही. कडेवर काळा डाग असेल, तर तिथे तडा आधीच होता. ते पातं टाकून द्या.

विझवल्यावर कार्बन पोलादात अडकून पडतो. त्यानेच टणकपणा रॉकवेल या टणकपणाच्या मापावर साठच्या आसपास जातो, आणि त्यानेच पातं काचेसारखं फुटतं. नंतरच्या मंद तावात थोडा कार्बन सुटतो. टणकपणा जरा उतरतो, चिवटपणा बराच परत येतो. हाडासाठी ५५-५६ पुरे. भाजीच्या सुरीला ५८ चालतं, कारण तिला मार बसत नाही.

तडा नसेल तर पातं वाचतं. लालबुंद करून हवेत काळं पडेपर्यंत थंड करा, असं तीनदा, दर वेळी ताप जरा कमी ठेवून. यानेच दाणा बारीक होतो, म्हणून ही पायरी गाळू नका. मग सावलीत तापवा, उन्हात रंग फसवतो. चुंबक चिकटणं सुमारे ७७० अंशांना थांबतं. त्याहून एक छटा पुढे, म्हणजे ८४०च्या जवळपास, नेऊन ५०-६० अंश गरम तेलात सरळ उभं बुडवा. धार त्या वेळी एक मिलिमीटर तरी जाड हवी, नाहीतर पातं वाकतं.

कानस घसरली की लगेच ताव द्या, उद्यावर टाकू नका. घरच्या ओव्हनमध्ये २३० अंशांवर दोन तास, थंड करून पुन्हा दोन तास. ओव्हनचा आकडा चुकतो, म्हणून आत वेगळा थर्मामीटर ठेवा. धार लावताना ग्राइंडरवर पातं हाताला चटका देऊ लागलं की पाण्यात बुडवा. निळी पडलेली धार मऊ झालेली असते, आणि तेवढा भाग घासूनच काढावा लागतो.

शेवटी धार पितळी सळीवर हलके दाबून सरकवा. वाकून परत आली तर ताव बरोबर. वाकलेलीच राहिली तर मऊ आहे, पुन्हा विझवावी लागेल. कपची उडाली तर तीच सुरी १५ अंश वाढवून परत ओव्हनमध्ये ठेवा.