वरातीतलं रॉकेट, जळालेली शेड आणि शेकडा तीनचं व्याज

प्रश्न : सर, नमस्कार. यवतमाळ जिल्ह्यात आमची पाच एकर कोरडवाहू शेती आहे. तीन एकर कापूस, त्यातच तूर, आणि दोन एकर सोयाबीन. वय ४८. मे महिन्यात पोराचं लग्न झालं. वरात रात्री साडेदहाला बस स्टँडजवळ आली तेव्हा भाचा आणि त्याच्या दोस्तांनी बाटलीत रॉकेट लावून सोडले. एक रॉकेट शेजारच्या कापड दुकानापुढच्या शेडवर पडलं आणि ताडपत्री जळाली. चार वर्षं जुनी होती. लोखंडी पाइप उभे आहेत, पण काळे पडले. दुकानदार नवीन शेडचे ४८,००० मागतात, नाही तर पोलिसात जातो म्हणतात. फटाके मीच आणले होते. माझा एक विमा आहे, वर्षाला ५०,००० हप्ता, तीन भरले, चौथा डिसेंबरात. दहा हप्ते भरले की विसाव्या वर्षी दहा लाख मिळतात. त्यातून हे नुकसान मिळत नाही का? नसेल तर तो मोडून देऊ का? एजंट मोडू नका म्हणतो. लग्नासाठी गावातल्या एकाकडून दोन लाख घेतले आहेत, शेकडा तीनने. स्टॅम्पवर सही दिली आहे. व्याज अजून दिलं नाही, कापूस निघाला की सगळं एकदम देऊन टाकू, त्याची चिंता नाही. सोसायटीचं पीक कर्ज सोयाबीनवर फिटतं. बायकोचं पाच तोळे सोनं आहे. पोळा झाला, आता दुकानदार रोज विचारतात.

उत्तर : भाऊ, शेडचे पैसे तुम्हीच द्यायचे आहेत. रॉकेट भाच्याने पेटवलं म्हणून दुकानदार त्याच्याकडेही मागू शकतात, पण फटाके तुम्ही आणले, वरात तुमची होती आणि ते सोडायची जागा कापड दुकानासमोरची होती. रात्री दहानंतर फटाके वाजवायला सर्वोच्च न्यायालयाने २००५ सालीच मनाई केली आहे. त्यामुळे साडेदहाच्या रॉकेटबद्दल 'अपघात होता' हे म्हणणं टिकणार नाही. भाच्याने वाटा उचलावा की नाही हे घरात ठरवा. दुकानदारांना त्यात ओढू नका.

विम्यातून मात्र एक रुपयाही मिळणार नाही. तो जीवन विमा आहे. तुमच्या हातून दुसऱ्याच्या मालाचं नुकसान झालं तर ते भरून देणं हे त्याचं कामच नाही. वर्षाला ५०,००० घेणाऱ्याने हे पहिल्याच दिवशी सांगायला हवं होतं.

आता ४८,००० या आकड्याकडे या. ही नव्या शेडची किंमत आहे, आणि जळाली ती चार वर्षं वापरलेली ताडपत्री. आपल्याकडच्या उन्हात दुकानापुढची ताडपत्री पाच-सहा वर्षांत फाटायला लागते, म्हणजे तिचं बरंचसं आयुष्य संपलेलं होतं. दुकानदारांकडून अंदाजपत्रकाचे तुकडे मागून घ्या : पाइप किती, ताडपत्री किती, बोर्ड किती, मजुरी किती. समजा पाइप २२,००० चे, ताडपत्री १४,००० ची, बोर्ड ७,००० चा आणि मजुरी ५,००० असेल, तर पाइप बदलायची गरज नाही. घासून ऑइल पेंट मारायचे साधारण ३,००० धरा. एखादा पाइप वाकला असेल तर तेवढाच बदला, आणि हे तुम्ही दोघांनी नाही, वेल्डिंगवाल्याने बघून सांगायचं. ताडपत्रीचे निम्मे, ७,००० द्या. काटेकोर हिशोबाने तिसरा हिस्साच येईल, पण एक तृतीयांश ताडपत्री बाजारात मिळत नाही आणि नवी आणायची वेळ त्यांच्यावर तुमच्यामुळे आली. मजुरी पूर्ण, ५,०००. बोर्ड खरंच जळला असेल तर त्याचे ४,०००-५,०००. एकूण २०,००० च्या आसपास. बाहेर टांगलेला माल होरपळला असेल तर त्याच्या खरेदीची बिलं बघून तेवढे वाढवा.

पैसे देण्याआधी त्यांना एक विचारा : दुकानाचा आगीचा विमा आहे का? बँकेचं कर्ज असलेल्या दुकानांना तो बहुधा असतो, पण बऱ्याचदा आतल्या मालापुरता, आणि पुढची शेड त्यात लिहिलेलीच नसते. असेल आणि कंपनीने त्यांना पैसे दिले, तर दुकानदारांचा तुमच्यावरचा हक्क कंपनीकडे जातो आणि कंपनी तुमच्याकडे वसुलीला येऊ शकते. दुकानदारांना एकाच नुकसानीचे दोनदा पैसे घेता येत नाहीत. उलट, त्यांनी कंपनीला न कळवता तुम्हाला 'आता काही बाकी नाही' असं लिहून दिलं तर त्यांचा दावा अडू शकतो. म्हणून हे दोघांच्याही हिताचं आहे : आधी विम्याचं स्पष्ट करा, मग साध्या कागदावर नुकसानीचं वर्णन, रक्कम, 'पूर्ण आणि अंतिम' हे शब्द, दोघांच्या आणि दोन साक्षीदारांच्या सह्या. गावातली तंटामुक्ती समिती चालू असेल तर तिच्या अध्यक्षांसमोर करा. रक्कम खात्यावर पाठवा.

पोलिसांत गेल्याने दुकानदारांची शेड उभी राहणार नाही. आग किंवा स्फोटक पदार्थाबाबत निष्काळजीपणा हा भारतीय न्याय संहितेच्या कलम २८७ आणि २८८ खाली गुन्हा आहे. सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा काही हजारांचा दंड होऊ शकतो, पण तो दंड सरकारजमा होतो. आणि एकदा गुन्हा नोंदला गेला की तुम्ही दोघांनी आपसात मिटवलं म्हणून तो आपोआप मिटत नाही. त्यामुळे आताच बसा. पोळ्यापर्यंत रोज विचारायची वेळ त्यांच्यावर यायला नको होती.

शेडचं एवढंच. मला काळजी वाटते ती तुम्ही 'चिंता नाही' म्हणून सोडून दिलेल्या ओळीची.

शेकडा तीन म्हणजे महिन्याला तीन टक्के, वर्षाला ३६. दोन लाखांवर महिन्याला ६,०००. मे ते जानेवारी आठ महिने धरले तर ४८,०००. ज्या रकमेसाठी तुम्ही मला पत्र लिहिलं तीच रक्कम तुम्ही व्याजात देणार आहात, आणि मुद्दल जागच्या जागी राहणार आहे.

जानेवारीत द्यायचे होतील २,४८,०००. कापूस किती देईल? तीन एकर कोरडवाहू, एकरी पाच क्विंटल, म्हणजे १५ क्विंटल. क्विंटलला साडेसात हजार धरले तर सव्वा लाखाच्या आत. ओल जास्त निघाली तर त्याहून कमी. त्यातून बियाणं, खत, फवारणी आणि वेचणी वजा केली की हातात ५०,०००-६०,००० उरतील. 'सगळं एकदम' यातून होत नाही, भाऊ. व्याज देऊन मुद्दल पुढच्या वर्षावर जाईल, आणि मग पुढचे ७२,०००. सोयाबीनच्या पैशाला हात लावू नका. सोसायटीचं कर्ज वेळेवर भरलं तर पंजाबराव देशमुख व्याज सवलतीत तीन लाखांपर्यंत ते बिनव्याजी पडतं. ते थकवून हे फेडणं म्हणजे दुहेरी नुकसान.

उपाय तुमच्या घरात आहे. पाच तोळे सोन्यावर बँक अडीच लाख सहज देईल, साधारण १० टक्क्यांनी. वर्षाला २५,०००, म्हणजे महिन्याला दोन हजारांच्या थोडं वर. त्यातून सावकाराचे दोन लाख आणि आजवरच्या चार महिन्यांचे २४,००० द्या, उरलेल्यातून शेड. खरं तर २४,००० ही द्यायला नकोत. महाराष्ट्राच्या सावकारी कायद्यात शेतकऱ्याला विनातारण कर्जावर वर्षाला १२ टक्क्यांपर्यंतच व्याज लावता येतं, तेही परवाना असलेल्या सावकाराला. त्या दराने चार महिन्यांचे ८,००० होतात. आधी तेच पुढे करा. अडले तर तालुक्याच्या सहायक निबंधक, सहकारी संस्था यांच्या कार्यालयात तक्रार होते.

त्या स्टॅम्पवर नेमकं काय लिहिलं आहे हे तुम्ही पत्रात सांगितलेलं नाही. कोरा असेल, किंवा त्यावर शेताचं विक्रीपत्र किंवा इसार लिहिलेला असेल, तर धोका व्याजाचा नाही, जमिनीचा आहे. पैसे खात्यावरूनच द्या, स्टॅम्प त्याच बैठकीत परत घ्या आणि 'कर्ज फिटलं' अशी पावती लिहून घ्या. आदल्या दिवशी सातबारा ऑनलाइन काढून बघा. काही वेगळं दिसलं तर रक्कम देण्याआधी वकिलाकडे जा.

राहिला विमा. पन्नास हजारांचे दहा हप्ते आणि विसाव्या वर्षी दहा लाख. एजंट याला 'दुप्पट' म्हणतो. हिशोबाने हे साडेचार टक्के पडतात. ३६ टक्क्यांनी घेतलेलं कर्ज डोक्यावर ठेवून साडेचार टक्क्यांसाठी डिसेंबरात आणखी ५०,००० भरायचे, हे तुम्हाला कोणी सुचवत असेल तर तो स्वतःचं कमिशन बघतोय. चौथा हप्ता भरू नका. ते पैसे सोनेतारणात भरा.

पण घाईने मोडूही नका. तीन हप्त्यांनंतर मोडला तर भरलेल्याच्या ३५ टक्के, म्हणजे सुमारे ५२,५०० हमखास मिळतात, कधी थोडे जास्त. जवळजवळ एक लाख गेले, आणि ते आता कोणत्याही वाटेने परत येत नाहीत. दुसरी वाट म्हणजे हप्ते थांबवून पॉलिसी 'पेड-अप' करणं : मुदतअखेरीस कमी रक्कम मिळते, पण पुढे काही भरावं लागत नाही. कंपनीच्या शाखेत अर्ज देऊन दोन्ही आकडे लेखी घ्या, एजंटच्या तोंडी नकोत. ५२,५०० पीपीएफमध्ये आजच्या ७.१ टक्क्यांनी ठेवले तर १७ वर्षांत पावणेदोन लाखांच्या जवळ जातात. पेड-अपचा आकडा त्याहून मोठा असेल तर पॉलिसी पडून राहू द्या, लहान असेल तर मोडा आणि पैसे सोनेतारणात भरा. घरच्यांच्या संरक्षणासाठी बँकेतून जीवन ज्योती विमा घ्या. वर्षाला ४३६ रुपये, दोन लाखांचं कवच. नाव नोंदवायची मर्यादा ५० वर्षं आहे, म्हणून तुमच्याकडे फार वेळ नाही.

क्रम असा ठेवा. या आठवड्यात वहिनींशी बोलून बँकेत सोनं. सोनं त्यांचं आहे, ते सोडवायची तारीख त्यांच्यासमोर ठरवा : जानेवारीत कापसाचे आणि वाचलेल्या हप्त्याचे मिळून एक लाख, बाकी पुढच्या हंगामात. त्याच दिवशी सावकार आणि स्टॅम्प. दुसऱ्या दिवशी दुकानदार. कापड दुकानाची खरी कमाई दसरा-दिवाळीत होते, तेव्हा शेड त्याआधी उभी राहायला हवी.