कंट्रोल चार्टमधलं ‘नियंत्रणाबाहेर’

प्रश्न: एका ऑर्डरला सरासरी किती मिनिटं लागतात, याचा आम्ही रोजचा कंट्रोल चार्ट ठेवतो. परवा ५७ मिनिटं लागली आणि बिंदू वरच्या रेषेपलीकडे गेला. मी अहवालात ‘प्रक्रिया नियंत्रणाबाहेर’ असं लिहिलं. साहेब म्हणाले, “ग्राहकाला ६० मिनिटं सांगितली आहेत, मग नियंत्रणाबाहेर कसं?” माझा शब्द चुकला का?

चार्टच्या परिभाषेत तुमचा शब्द बरोबर आहे, पण साहेबांना तो रोजच्या मराठीतल्यासारखा ऐकू आला. आपण ‘परिस्थिती नियंत्रणाबाहेर’ म्हणतो तेव्हा ती हाताबाहेर गेलेली असते. हा चार्ट अमेरिकी संख्याशास्त्रज्ञ वॉल्टर शूहार्ट यांनी १९२४ मध्ये मांडला. त्यांच्या लेखी एखादी गोष्ट नियंत्रणात असणं म्हणजे ती पुढे किती वरखाली होईल, हे मागच्या अनुभवावरून सांगता येणं. काम चांगलं चाललंय की वाईट, हे त्यात येतच नाही. रोज ७५ मिनिटांच्या आसपास लागत असतील, तर ग्राहक वैतागलेला असेल, पण चार्टच्या भाषेत प्रक्रिया नियंत्रणात असेल.

खरा घोटाळा ‘मर्यादा’ या शब्दाने होतो. मर्यादा म्हटली की ती कुणीतरी घालून दिलेली वाटते. ६० मिनिटं तशीच आहेत, त्यांना सरळ ‘मुदत’ म्हणावं. चार्टवरच्या रेषा मात्र तुमच्याच आकड्यांतून निघतात. तुमचे आकडे माझ्यापुढे नाहीत, म्हणून समजा दहा दिवसांची मिनिटं अशी आहेत: ४२, ४७, ४४, ३९, ४५, ४८, ४१, ४३, ४६, ४५. (प्रत्यक्षात वीसेक दिवस घ्यावेत.) सरासरी ४४. आता लागोपाठच्या दोन दिवसांतला फरक बघा: ५, ३, ५, ६, ३, ७, २, ३, १. या फरकांची सरासरी ३.९ च्या आसपास येते. तिला २.६६ या अशा चार्टसाठी ठरलेल्या आकड्याने गुणलं की साधारण १०.३. ते ४४ मध्ये मिळवलं की वरची रेषा ५४.३ वर येते आणि वजा केलं की खालची ३३.७ वर.

आता ५१ मिनिटांचा एखादा दिवस उजाडला, तर तो डोळ्यात भरेल, पण त्याची वेगळी चौकशी करण्यात अर्थ नाही. तो नेहमीच्याच चढउतारातला आहे आणि खोदून विचारलंत तर लोक काहीतरी कारण जुळवून सांगतील. ५७ चं तसं नाही. मुदत पाळली गेली, तरी त्या दिवशी काहीतरी निराळं घडलं असण्याची शक्यता दाट आहे. आठवण ताजी असतानाच विचारायला हवं. एकच ऑर्डर तासन्‌तास अडकून सरासरी फुगली का, हे आधी तपासा. ३० मिनिटांचा दिवस आला तर तोही ‘नियंत्रणाबाहेर’च म्हणायचा, आणि साहेबांना ते आणखी विचित्र वाटेल. पण कामाचा एखादा टप्पा गाळला गेला का, हे तिथेही विचारावंच लागतं.

रेषा काढताना एक चूक फार होते. एका दिवसात शेकडो ऑर्डरी असतात, म्हणून त्या दिवसाच्या आतल्या फरकावरून रोजच्या सरासरीच्या रेषा काढतात. त्या फार जवळजवळ येतात आणि मग दिवसाआड धोक्याची घंटा वाजते. कारण माणसं, कामाचा भार आणि ऑर्डरींचा प्रकार दिवसागणिक थोडा बदलतोच, तो फरक त्या हिशोबात धरलेला नसतो. म्हणून वर दिवसादिवसांतला फरक घेतला.

शब्दांबद्दल माझं आणखी एक आग्रहाचं म्हणणं: ‘बदल’ हा शब्द दोन्हीकडे वापरू नका. रोजचं वरखाली होणं म्हणजे चढउतार. समजा पुढचे आठ दिवस ४७, ४६, ४९, ४५, ४८, ४६, ५०, ४७ असे गेले. एकही बिंदू रेषेबाहेर नाही, पण आठही सरासरीच्या वर आहेत. निव्वळ योगायोगाने असं क्वचितच घडतं. इथे ‘पातळी सरकली’ म्हणावं.

तुमच्या अहवालात मी असं लिहीन: “परवाची ५७ मिनिटं मुदतीत आहेत, पण नेहमीच्या चढउताराबाहेर आहेत. कारण शोधत आहोत.” ‘नियंत्रणाबाहेर’ हा शब्द चार्ट वाचणाऱ्यांपुरता ठेवा. आणि पातळी सरकल्याचं कारण सापडलं, ते कायमचंच आहे असं ठरलं, तर जुन्या रेषा पुढे ओढत न नेता सरकल्यानंतरच्या दिवसांवरून नव्या काढा.