प्लेस्टेशनवर खेळणाऱ्या मित्राला काय द्यावं?

प्रश्न: मित्राचा वाढदिवस आहे, बजेट तीन हजार. तो प्लेस्टेशनवर फुटबॉलचा आणि गाड्यांचा गेम खेळतो, एवढंच मला माहीत आहे. भाऊ अमेरिकेहून येतोय, त्याला गेम किंवा गिफ्ट कार्ड आणायला सांगू का? की इथूनच हेडफोन किंवा मेंबरशिप घेऊ? मला गेममधलं काही कळत नाही, पण त्याच्या उपयोगाचं नसेल असं काही द्यायचं नाहीये.

उत्तर:

भावाला गिफ्ट कार्ड आणायला सांगू नका. प्लेस्टेशनचं प्रत्येक अकाउंट एका देशाशी बांधलेलं असतं आणि कार्डही त्याच देशाचं लागतं. डॉलरचं कार्ड भारतीय अकाउंटवर टाकलं तर कोड स्वीकारलाच जात नाही. खरवडलेलं कार्ड दुकानदार परत घेत नाही आणि तोवर भाऊ परतही गेलेला असतो. आमच्या ग्रुपमध्ये अशा भेटी निवडायचं काम बऱ्याच वर्षांपासून माझ्याकडे आहे, आणि सगळ्यात जास्त पैसे वाया जाताना मी इथेच पाहिलेत.

यात एक पोटभेद आहे. आपल्याकडच्या काही जणांनी पूर्वीच अमेरिकेचा पत्ता घालून अकाउंट उघडलेलं असतं. त्यांना उलट रुपयांचं कार्ड चालत नाही. त्यामुळे तो भारतात राहतो म्हणून अकाउंटही भारतीय असेल असं धरून चालू नका. हे काढून घेणं सोपं आहे. सहज गप्पांत विचारा, "सेलमध्ये गेम केवढ्याला पडतो रे तुला?" रुपयांत सांगितलं तर अकाउंट भारतीय, डॉलरमध्ये सांगितलं तर अमेरिकन. त्याला भेटीचा संशयही येणार नाही.

त्याच्याकडे खरंच प्लेस्टेशन आहे ना, हेही एकदा बघून घ्या. घरातले लोक टीव्हीला जोडलेल्या कुठल्याही डब्याला प्लेस्टेशन म्हणतात. कंट्रोलरवर त्रिकोण, गोल, फुली, चौकोन असेल तर ते प्लेस्टेशन. ए, बी, एक्स, वाय अशी इंग्रजी अक्षरं असतील तर बहुधा एक्सबॉक्स. पीएस४ आणि पीएस५ मधला फरक चार्जिंगच्या पिनेवरून कळतो. पीएस५ च्या कंट्रोलरला आजकालच्या फोनची सी-टाइप पिन लागते, पीएस४ च्या कंट्रोलरला जुन्या फोनची बारीक मायक्रो यूएसबी.

आता गेमची डिस्क. डिस्कला देशाचं बंधन नाही. अमेरिकेत घेतलेली डिस्क इथल्या मशीनवर चालते. तरीही तुमच्या बाबतीत मी ती आणायला सांगणार नाही. पहिलं कारण पैशाचं. तिकडे नवा मोठा गेम सत्तर डॉलरच्या आसपास असतो, म्हणजे सहा हजारांच्या वर गेला. इथे तसाच गेम साधारण पाच हजारांच्या घरात मिळतो. दुसरं कारण फुटबॉलच्या गेमचं. तो खेळणारे लोक आतमध्ये खेळाडू, पॉइंट्स वगैरेंवर पुन्हा पैसे खर्च करतात, आणि अमेरिकन डिस्कसोबत भारतीय स्टोअरमधून घेतलेला असा जादा माल अनेकदा लागू होत नाही. शिवाय या गेमची दरवर्षी सप्टेंबरच्या सुमाराला नवी आवृत्ती येते. दुकानात स्वस्तात दिसणारी प्रत बहुतेकदा गेल्या वर्षीची असते, ती त्याच्याकडे असण्याची शक्यता मोठी, आणि त्याचे मित्र एव्हाना नव्या आवृत्तीवर गेलेले असतात. पूर्वी हा गेम 'फिफा' नावाने यायचा, २०२३ पासून तो 'ईए स्पोर्ट्स एफसी' नावाने येतो. नाव बदललेलं पाहून हा वेगळा गेम आहे असं समजू नका.

गाड्यांच्या गेमची डिस्क घ्यायचं मनात असेल तर आधी मशीनच्या समोर बारीक आडवी किंवा उभी फट आहे का ते पाहा. पीएस५ ची डिजिटल आवृत्ती आणि पीएस५ प्रो यांना मुळात डिस्क घालायची सोयच नसते, ड्राइव्ह वेगळा विकत घ्यावा लागतो, आणि पहिल्या डिजिटल पीएस५ ला तर तोही जोडता येत नाही. फट असेल तर खोक्यावरची पट्टी बघा. पीएस५ च्या खोक्यावर वर पांढरी पट्टी असते, पीएस४ च्या खोक्यावर निळी. पीएस४ चे जवळपास सगळे गेम पीएस५ वर चालतात, पण पीएस५ ची डिस्क पीएस४ वर चालत नाही. आणि डिस्क दिलीत तर बिल जपून ठेवा, प्लास्टिकचं सील तुम्ही फोडू नका. त्याच्याकडे तोच गेम निघाला तर सीलबंद डिस्क बदलून मिळू शकते किंवा विकता येते. डाउनलोड कोडचं तसं काहीच होत नाही.

हेडफोनच्या बाबतीत नेहमीच्या दुकानदाराचा सल्ला घेऊ नका, कारण तो चांगला ब्लूटूथ हेडफोन हातात देईल. पीएस५ साधे ब्लूटूथ हेडफोन थेट जोडू देत नाही. हेडफोन कितीही महागाचा असो, मशीनशी जोडला जाणार नाही. वायरलेस घ्यायचाच तर सोबत छोटा यूएसबी डोंगल येणारा आणि खोक्यावर पीएस५ स्पष्ट लिहिलेला घ्या. नुसतं 'एक्सबॉक्स' लिहिलेला वायरलेस हेडसेट प्लेस्टेशनला उपयोगाचा नाही. तीन हजारांत मला तारवाला हेडसेट जास्त पटतो. त्याची साडेतीन मिलिमीटरची पिन थेट कंट्रोलरच्या खालच्या भोकात जाते, चार्जिंगची भानगड नाही, आणि उद्या त्याने मशीन बदललं तरी तोच चालतो. फक्त पिन एकच असावी आणि माइक त्याच पिनेतून जायला हवा. कॉम्प्युटरसाठीच्या काही हेडसेटना आवाजाची आणि माइकची अशा दोन पिना असतात. त्यातली एकच घातली तर ऐकू येईल, पण मित्रांशी बोलता येणार नाही. पिनेवर काळ्या किंवा पांढऱ्या तीन रिंगा दिसल्या तर माइकसकट एकाच पिनेचा आहे असं समजा.

मेंबरशिप, म्हणजे प्लेस्टेशन प्लस, थेट घेऊ नका. ऑनलाइन फुटबॉल खेळायला ती लागते, त्यामुळे त्याच्याकडे ती बहुधा आधीपासूनच असेल. तिचे भारतात एसेन्शियल, एक्स्ट्रा आणि डिलक्स असे तीन स्तर आहेत. त्याच्याकडे कुठला आहे आणि कधीपर्यंत भरलाय, हे तुम्हाला न विचारता कळणं कठीण. त्याऐवजी त्याच्या अकाउंटच्या वॉलेटमध्ये पैसे टाकणारं गिफ्ट कार्ड दिलंत तर तो त्यातून मेंबरशिप वाढवेल, नवा गेम घेईल, नाहीतर सेलची वाट पाहील. पीएस४ असो वा पीएस५, डिस्कची फट असो वा नसो, कार्डाला काही फरक पडत नाही.

म्हणून मी तुमच्या जागी असते तर अकाउंट भारतीय आहे याची खात्री करून इथूनच दोन हजारांचं प्लेस्टेशन कार्ड घेतलं असतं. ऑनलाइन घेताना पानावर भारत लिहिलंय आणि रक्कम रुपयांत आहे हे तपासा, आणि विक्रेता ओळखीचा नसेल तर स्वस्तातल्या कोडच्या वाटेला जाऊ नका. उरलेल्या हजारात एका पिनेचा साधा तारवाला हेडसेट येतो, म्हणजे हातात द्यायला एक वस्तूही होते. अकाउंट अमेरिकन निघालं तर मात्र भावाला सांगा. तेव्हा डॉलरचं कार्डच बरोबर, आणि पंचवीस डॉलरचं तुमच्या बजेटमध्ये बसेल.