पद्धत बदलण्याआधी

प्रिय,

पत्र मिळालं. निफाडहून येणारे ते द्राक्षबागायतदार दादा तीन भेटी झाल्या तरी विचारांची वही कोरीच आणतात आणि तू काहीही म्हटलंस की ‘हो मॅडम, बरोबर आहे’ म्हणतात. म्हणून सीबीटी, म्हणजे विचार लिहून तपासायची ही पद्धत, सोडून दुसरी धरावी का, असं तू विचारलंयस. माझं मत, आत्ताच नको. आधी समुपदेशक म्हणून तुझं त्यांच्याशी असलेलं नातं तपास.

मानसशास्त्रज्ञ एडवर्ड बॉर्डिन यांनी १९७९ मध्ये या नात्याचे तीन भाग सांगितले : कुठे पोचायचं यावर एकमत, त्यासाठी काय करायचं यावर एकमत, आणि विश्वास. नवशिके समुपदेशक तिसऱ्यातच रमतात. दादा तुझ्याशी छान बोलतात, चहा घेतात, म्हणून नातं जुळलं असं तू धरून चाललीस. पण पहिले दोन भाग तपासलेस का? तुझं ध्येय त्यांची धडधड कमी करणं. त्यांचं कदाचित वेगळंच असेल : कर्जाचा खरा आकडा वडिलांना सांगणं. आणि एकत्र कुटुंबात रात्री वही उघडून मनातलं लिहायचं, तेही भाऊ शेजारी असताना, हे त्यांना जमणारं आहे का?

२०१८ मध्ये सुमारे तीनशे अभ्यास एकत्र करून पाहिले, तेव्हा पद्धत कोणतीही असो, नातं आणि परिणाम यांचा संबंध टिकलेला दिसला. मात्र परिणामांतल्या फरकापैकी साधारण आठ टक्केच त्यातून उलगडतो, तेव्हा हुरळून जाऊ नकोस. बरं वाटू लागल्यामुळेच माणूस समुपदेशकावर खूश होतो, अशी शंका रास्त आहे. पण सुरुवातीची सुधारणा हिशेबात धरूनही संबंध उरतो. मला त्याचं कारण सरळ वाटतं : प्रत्येक पद्धत माणसाला काहीतरी अवघड करायला लावते, आणि ते आपलंच काम आहे असं वाटल्याशिवाय कोणी ते घरी करत नाही.

सतत होकार देणं हीसुद्धा माघारच. जेरेमी सॅफ्रन आणि क्रिस्तोफर म्युरन यांनी नात्यातल्या तड्यांचे दोन प्रकार मांडले, उघड विरोध आणि माघार. आपल्याकडे दुसरा जास्त दिसतो, असं माझं निरीक्षण, कारण ‘मॅडम’ना नाही कसं म्हणायचं! ओळखायची खूण म्हणजे तपशील आटतात, उत्तरं आखूड होतात, वेळ रद्द करताना ‘फवारणी होती’ एवढाच निरोप येतो. (कधी खरंच फवारणी असते, तेही लक्षात ठेव.)

पुढच्या भेटीत वहीचा जाब विचारू नकोस. म्हण, ‘दादा, हे लिहायचं काम मीच ठरवलं, तुम्हाला विचारलंच नाही. त्यातलं काय पटलं नाही?’ मग गप्प बस. ‘नाही, चांगलंय’ आलं, तर पर्याय पुढे ठेव : बागेत एकटे असताना फोनवर दोन मिनिटं बोलून ठेवणं, की इथेच माझ्यासमोर लिहिणं? दोनांतून एक निवडणं नकार देण्यापेक्षा सोपं जातं. ध्येय त्यांच्याच शब्दांत फाइलवर लिही आणि वाचून दाखव.

एवढं करून दोन-तीन भेटींत काहीच हललं नाही, तर पद्धतीचा प्रश्न घेऊन गंगापूर रोडला ये. फाइल सोबत आण, नाव झाकून.

तुझी,
ताई