उरलेल्या खर्चाचा आकडा आधी तपास

बांधकाम कंत्राटाच्या महसुलाचं ऑडिट करताना झालेल्या खर्चाची बिलं जुळतात, त्यात फार अडकू नकोस. खरी मेख उरलेल्या खर्चाच्या अंदाजात असते. समज, पुलाचं कंत्राट 100 कोटींचं, एकूण अंदाजे खर्च 80, झालेला 40. म्हणजे खर्चाच्या हिशेबाने काम 50 टक्के झालं, म्हणून आजवरचा महसूल कंत्राटाच्या 50 टक्के, म्हणजे 50 कोटी. पण उरलेलं काम 40 ऐवजी 50 कोटींचं निघालं, तर टक्केवारी 44.4 वर येते आणि साडेपाच कोटींचा महसूल उडतो. म्हणून साइट इंजिनिअरला गाठ, हेड ऑफिसच्या एक्सेलवर विसंबू नकोस. उरलेलं स्टील किती टन, आजचा दर काय, ते विचार. मागच्या वर्षीचा अंदाज प्रत्यक्ष खर्चाशी ताडून बघ. अंदाज दरवर्षी कमीच निघत असेल तर संशय घे. साइटवर नुसतं पडलेलं, अजून कामात न वापरलेलं स्टील झालेल्या खर्चात धरून टक्केवारी फुगवली आहे का, तेही पाहा.