आत्याला पाठवायचा मजकूर: आपुलकी राहावी, नाटक नसावे

प्रश्न: माझी आत्या ७८ वर्षांची आहे, वाईला असते. न्हाणीघरात पाय घसरून तिच्या खुब्याचे हाड मोडले, शस्त्रक्रिया झाली आणि आता ती घरी आली आहे. मी बंगळुरूला असल्यामुळे लगेच जाता येत नाही, म्हणून चार ओळी पाठवायच्या आहेत. पुढचा मजकूर तयार केला, पण वाचल्यावर मलाच तो नाटकी वाटतो: “आत्या, आपल्या अपघाताची बातमी ऐकून पायाखालची जमीन सरकली. आपण आम्हा सर्वांचा आधारवड आहात. आपण आमच्यासाठी जे केलेत ते आम्ही कधीही विसरणार नाही. धीर धरा, सगळे ठीक होईल. परमेश्वर आपणांस उदंड आयुष्य देवो. लवकर बऱ्या व्हा.” यात काय बदलू?

उत्तर:

तुमच्या मजकुरात भावना जास्त झालेली नाही. अडचण अशी आहे की, यातली बहुतेक वाक्ये आपण एरवी शोकसभेत ऐकतो. “आपण आमच्यासाठी जे केलेत ते आम्ही कधीही विसरणार नाही” हे वाक्य वर्तमानपत्रातल्या श्रद्धांजलीच्या चौकटीत जसेच्या तसे बसेल. “आधारवड” हा शब्दही आता मुख्यतः तिथेच भेटतो. जिवंत माणसाच्या उपकारांचा हिशेब भूतकाळात मांडला की, अंथरुणावर पडल्या पडल्या ते वाचणाऱ्या म्हाताऱ्या माणसाच्या मनात पहिला प्रश्न उभा राहतो: डॉक्टरांनी यांना माझ्याबद्दल असे काय सांगितले आहे? म्हणून पहिली दुरुस्ती काळाची करा. झालेल्या गोष्टींबद्दल एखादे वाक्य पुरे. बाकी मजकूर आज काय चालले आहे आणि पुढच्या महिन्यात काय होणार आहे याविषयी असू द्या.

दुसरी गोष्ट संबोधनाची. तुम्ही घरात आत्याला “अगं आत्या” म्हणत असाल आणि पत्रात एकदम “आपण” आणि “आपणांस” लिहिले, तर तो आदर न वाटता दुरावा वाटतो, आणि प्रसंग गंभीर आहे अशी सूचना त्यातून आपोआप जाते. घरात जे चालते तेच पत्रात चालवा. “अहो आत्या” म्हणत असाल तर “तुम्ही”, “अगं” म्हणत असाल तर “तू”. वडीलधाऱ्यांना द्यायचा मान आरंभीच्या “ती.” मध्ये आणि नमस्कारात पुरेसा येतो. “ती. आत्यास, साष्टांग नमस्कार” एवढे लिहिले की पुढे निःसंकोच “तू” लिहिता येते, आपल्याकडे आईला लिहिलेली पत्रे पिढ्यान्‌पिढ्या अशीच लिहिली गेली आहेत. नावाआधी “सौ.” किंवा “श्रीमती” घालण्याची इथे गरज नाही. आत्याचे यजमान हयात नसतील तर जुन्या वळणाचे “गं. भा.” तर मुळीच नको; आजारपणात कोणाला त्याची आठवण करून देऊ नये.

“लवकर बरी हो” हे चूक नाही, सहकाऱ्याच्या कार्डावर ते शोभतेही. पण ७८ वर्षांच्या बाईला खुब्याच्या शस्त्रक्रियेनंतर ते लिहिणे म्हणजे तिच्या हातात नसलेली गोष्ट तिला करायला सांगणे आहे. या दुखण्यात काय घडते ते आधी लक्षात घ्या. शस्त्रक्रियेनंतर एकदोन दिवसांतच रुग्णाला आधार देऊन उभे करतात, मग वॉकर येतो, टाके साधारण दोन आठवड्यांनी निघतात, आणि मोकळेपणाने चालता येण्यास काही महिने लागू शकतात. सांधा बदललेला असेल तर जमिनीवर मांडी घालून बसणे अनेकदा कायमचेच बंद होते. अशा माणसाला “लवकर” म्हटले की, सहा आठवड्यांनीही वॉकर सुटला नाही तर आपणच कुठे तरी कमी पडलो असे तिला वाटू लागते. त्यापेक्षा इच्छा लहान करा आणि ती या दुखण्याला लागू पडेल अशी करा: “दुखणे रोज थोडे थोडे कमी होवो”, “रात्री शांत झोप लागो”, “वॉकर घेऊन अंगणापर्यंत जाता येवो”. “होवो”, “लागो” या रूपांमध्ये आज्ञा नसते, इच्छा असते, आणि धाकट्याने थोरल्याविषयी इच्छा व्यक्त करण्याची ती आपली रुळलेली रीत आहे. न्यूमोनिया किंवा ताप असता तर “लवकर उतार पडो” हे अगदी योग्य ठरले असते. मोडलेल्या हाडाला ते जुळत नाही. आणि जे दुखणे पूर्ण बरे होण्यासारखे नाही, त्यात बरे होण्याचे नावच न काढता “आराम पडो” एवढ्यावर थांबावे.

“उदंड आयुष्य” काढून टाका. वाढदिवसाला ते ठीक आहे, पण आजारपणात आयुष्याचा विषय निघाला की त्याच्या उलट बाजूचाही विचार मनात येतोच. “धीर धर” आणि “घाबरू नकोस” यांचेही तसेच आहे. ती घाबरलेली नसेल तर या शब्दांनी घाबरेल. “सगळे ठीक होईल” असे आश्वासन देण्याइतकी माहिती तुमच्याकडे नाही, आणि ते तिलाही ठाऊक आहे.

नाटकीपणा टाळायला गेलेले लोक बहुधा एका दुसऱ्या खड्ड्यात पडतात, तो म्हणजे उपदेशाचा. “आता तरी जपून चालत जा”, “या वयात ओल्या फरशीवरून कशाला जायचे”, “पथ्य पाळ, व्यायाम चुकवू नकोस”: ही वाक्ये काळजीतून येतात हे खरे, परंतु जी व्यक्ती दिवसभर मुलाचे, सुनेचे आणि फिजिओथेरपिस्टचे ऐकून घेत आहे, तिला बंगळुरूहून आणखी एक पर्यवेक्षक नको असतो. “या वयात” हे दोन शब्द तर कोणत्याही स्वरूपात लिहू नका. त्याचप्रमाणे “वहिनी तुझे किती करते आहे” हे कौतुकही आत्याच्या पत्रात नको. पडून असलेल्या वृद्ध माणसाला दुखण्याइतकाच, किंबहुना त्याहून अधिक, आपण कोणावर तरी भार झालो याचा त्रास होत असतो. वहिनींचे आभार अवश्य माना, पण वेगळा फोन करून.

प्रेमाने लिहिलेले एक वाक्य मात्र मला विशेष खटकते: “लवकर बरी हो, आम्हाला तुझ्या हातच्या पुरणपोळ्या खायच्या आहेत.” लिहिणाऱ्याला वाटते की आपण गोड बोललो, वाचणारीला कळते की आपण उठलो की स्वयंपाकघर वाट पाहत आहे, किंवा यापुढे ओट्याशी तासभर उभे राहता येणार नाही. आत्याची कोणाला तरी गरज आहे हे जरूर कळू द्या, पण तिला पडल्या पडल्या करता येईल असे काही तरी मागा. एखाद्या जुन्या फोटोतली माणसे ओळखून मागा, लोणच्याच्या मसाल्याचे प्रमाण विचारा, कुळाचारातली एखादी शंका विचारा.

माझ्या आईच्या दीर्घ आजारपणात आलेली पत्रे आणि संदेश मीच तिला वाचून दाखवत असे. देवाकडे केलेल्या लांबलचक प्रार्थना ती “बरं” म्हणून ऐकून घेई. पुन्हा वाचायला लावलेली पत्रे ती, ज्यांत बातमी होती: कोणाच्या परसातला आंबा मोहरला, कोणाच्या नातीने शाळेत कशावरून भांडण केले. तेव्हापासून मी आजारी माणसाला लिहिताना दुखण्याविषयी दोनतीन वाक्ये आणि बाकी सगळी खबरबात असे प्रमाण ठेवत आलो आहे.

हे सर्व धरून तुमचा मजकूर मी असा लिहीन. कृष्णकमळ माझ्या मनचे आहे. तिथे तुमच्या आणि आत्याच्या मधली खरी गोष्ट घाला.

> ती. आत्यास,
> साष्टांग नमस्कार.
>
> तू घरी आल्याचे दादाकडून कळले आणि बरे वाटले. वॉकर घेऊन खोलीतल्या खोलीत फिरतेस, असेही तो म्हणाला. दुखणे रोज थोडे थोडे कमी होवो आणि रात्री शांत झोप लागो.
>
> तू दिलेल्या कृष्णकमळाच्या फांदीने आमच्या खिडकीची अर्धी जाळी व्यापली आहे. परवा पहिले फूल आले, त्याचा फोटो सोबत ठेवला आहे. वेल छाटायचा कधी, आत्ता पावसात की पाऊस संपल्यावर? इथे दोघे दोन सल्ले देतात, म्हणून तुलाच विचारते आहे.
>
> गणपतीत चार दिवस वाईला येईन. तेव्हा तुझ्या खोलीतच बसून गप्पा मारू.
>
> उत्तर लिहीत बसू नकोस. रविवारी सकाळी मी फोन करीन.
>
> तुझी भाची

यात “पायाखालची जमीन सरकली” चे “कळले आणि बरे वाटले” झाले आहे. तुम्हाला धक्का बसला होता हे खरे असेल, पण तो सांभाळण्याचे काम आत्यावर का टाकायचे? पडल्याचा उल्लेख मी मुद्दामच केलेला नाही, कारण भेटायला येणारा प्रत्येक जण तिच्याकडून ती कथा पुन्हा वदवून घेत असणार. वॉकरचे वाक्य दादाला विचारून खात्री झाली तरच ठेवा. ती अजून पलंगावरच असेल तर ते वाक्य टोचेल. “गणपतीत येईन” हे तिकीट काढले असेल तरच लिहा, कारण आजारी माणूस असे वाक्य धरून दिवस मोजतो. आणि दादाशी बोलताना हेही विचारून घ्या की, आत्याला तिच्या प्रकृतीविषयी नेमके काय सांगितले आहे. आपल्याकडे अनेक घरांत वडीलधाऱ्यांपासून काही गोष्टी राखून ठेवलेल्या असतात, आणि त्या नेमक्या दूरच्या नातेवाइकाच्या पत्रातून फुटतात. म्हणून तपासण्यांची किंवा औषधांची नावे मजकुरात नकोत.

शक्य असेल तर हे कागदावरच लिहून पाठवा. अक्षर टपोरे असावे, शाई काळी असावी आणि दोन ओळींत मोकळी जागा सोडावी, म्हणजे चष्मा लावून तिला ते स्वतः वाचता येईल. व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवायचे असेल तर कुटुंबाच्या गटात टाकू नका. तिथे हात जोडलेल्या चित्रांच्या रांगेत ते हरवेल. दादाच्या फोनवर पाठवणार असाल तर तो मोठ्याने वाचून दाखवील हे गृहीत धरा, आणि वाक्ये एका श्वासात वाचता येतील इतकी आखूड ठेवा. स्वतःच्या आवाजात मिनिटभराचा निरोप पाठवलात तर आणखी चांगले, मात्र बोलताना गळा दाटून आला तर तो पुसून पुन्हा नोंदवा.

वेळेचेही थोडे पाहा. घरी आल्यानंतरच्या पहिल्या आठवड्यात फोन आणि पाहुणे यांची रीघ असते. टाके निघाले की ती ओसरते, आणि दिवस लांबायला लागतात ते तेव्हापासून. आज पाठवायचे ते पाठवाच, पण दुसरे पत्र तीन आठवड्यांनी जाईल असे बघा, आणि त्यात वेल छाटल्यावर काय झाले तेवढेच लिहिले तरी चालेल.